काउंटरवरचा दर आगाऊ खरेदीच्या वेळीच दिसू द्या

माननीय नागरी विमान वाहतूक मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात आईला घेऊन विमानाने जायचे होते. तिच्या तिकिटावर 15 किलो सामान नेता येत होते. घरच्या काट्यावर बॅग 20 किलो भरली, म्हणून आदल्या रात्री कंपनीच्या ॲपवरून 5 किलोचा टप्पा विकत घेतला. काउंटरच्या काट्यावर तीच बॅग 21 किलो भरली. त्या एका किलोला आगाऊ दराच्या दुप्पट पैसे पडले. मागे रांग होती, तिकीट रद्द करून काही परत मिळणार नव्हते, मुकाट्याने भरले. पैसे गेल्याचे दुःख नाही. तो दर मला तिथे उभा राहिल्यावर पहिल्यांदा कळला, म्हणून हे पत्र.

दोन्हीकडे एकच दर असावा, असे मी म्हणत नाही. काउंटरवर वजन जास्त भरले की बॅग उघडली जाते, कपडे हातातल्या पिशवीत कोंबले जातात, पुन्हा वजन होते, मग पैसे. तेवढा वेळ सगळी रांग थांबते. आगाऊ दर कमी ठेवला की लोक हे घरीच उरकतात. सामानाचा अंदाज आधी आला तर विमानाच्या पोटात माल किती घेता येईल, हेही कंपनीला ठरवता येते. शिवाय आगाऊ भरलेले पैसे सामान कमी निघाले तरी बहुधा परत मिळत नाहीत. ही कारणे मला पटतात.

इंधनाचे कारण मात्र पटत नाही. जास्त वजनाला जास्त इंधन लागते हे खरे, पण 5 किलोचे पैसे रात्री भरले काय आणि सकाळी भरले काय, वजन तेवढेच. काउंटरवरच्या दरात मोठा वाटा प्रवासी अडलेला असतो याचाच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता हिशोब पाहा. आगाऊ दर किलोला 1 भाग आणि काउंटरचा 2 भाग धरू. सामान 6 किलो जादा आहे आणि ॲपवर 5 किंवा 10 किलोचेच टप्पे आहेत. 10 चा टप्पा घेतला तर 10 भाग जातात आणि 4 किलो वाया. काहीच घेतले नाही तर 12 भाग. 5 चा टप्पा घेऊन उरलेला एक किलो काउंटरवर भरला तर 7 भाग. पण काउंटरचा दर चौपट असता तर हेच 9 झाले असते, आणि सहापट असता तर 11, म्हणजे 10 चा टप्पाच स्वस्त. तो दर समोर नसताना प्रवाशाने निवड कशी करायची?

म्हणून दोन मागण्या. जिथे जादा सामान विकले जाते त्याच पडद्यावर, त्याच अक्षरांत, काउंटरचा दर छापणे सक्तीचे करा. नियमांच्या लांबलचक पानात तो आजही कुठेतरी असतो, पण तिथवर कोणी जात नाही. आणि चेक-इनच्या रांगेआधी प्रवाशांसाठी तपासणी केलेला काटा ठेवायला लावा. ॲपवरची खरेदी उड्डाणाच्या काही तास आधी बंद होते, त्यामुळे तिथे वजन कळून नवा टप्पा घेता येईलच असे नाही. पण एक किलो सामान काढून दुसऱ्या बॅगेत ठेवता येईल. आईच्या बॅगेतला तो किलो माझ्या बॅगेत सहज मावला असता.

आपला,
एक विमान प्रवासी