तराजू कोणाच्या हातात?

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

तुझं पत्र पोचलं. टॅरोच्या मांडणीत तुझ्या आणि वहिनींच्या मधल्या जागी ‘सिक्स ऑफ पेंटॅकल्स’, म्हणजे सहा नाण्यांचं कार्ड आलं आणि ‘मी देतो, ती घेते’ असा अर्थ लावून तू मोकळा झालास. मला तो पटला नाही.

कार्ड परत बघ. १९०९ च्या रायडर-वेट डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथनं मधोमध एक उभा व्यापारी काढलाय. एका हातानं तो नाणी देतोय, दुसऱ्या हातात तराजू आहे. खाली दोघं गुडघ्यावर, पण नाणी एकाच्याच हातात पडतायत. दुसरा हात पसरून तसाच आहे. म्हणून जोडप्यासाठी हे कार्ड आलं की किती दिलं हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, कधी आणि किती द्यायचं हे ठरवतं कोण?

मध्यंतरी इथलंच एक जोडपं आलं होतं. त्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ती घर बघते, सासूचं दुखणं-खुपणं काढते आणि रात्री वर्कशॉपची बिलं लिहिते. तीन पत्ते मांडले. तिच्या जागी क्वीन ऑफ पेंटॅकल्स, मधे हेच सिक्स, त्याच्या जागी फोर. फोरमधला माणूस एक नाणं छातीशी कवटाळून आणि दोन पायांखाली दाबून बसलेला असतो. तो म्हणाला, “घरात कशाला नाही म्हटलंय मी?” ती म्हणाली, “नाही म्हणत नाहीत, पण दरवेळी मागावं लागतं.”

सगळं तिथंच होतं बघ. राणीच्या मांडीवर स्वतःचं नाणं आहे, तरी मधल्या पत्त्यात ती गुडघ्यावर. आणि या चित्रात फक्त नाणीच दिसतात. खालची माणसं काय देतात, ते चित्रकर्तीनं काढलेलंच नाही. तिची बिलं, सासूची जागरणं त्या तराजूत कधी पडलीच नव्हती. मी त्याला विचारलं, “बिलं लिहायला माणूस ठेवला असता तर पगार किती गेला असता?” तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी दोघांनी ठरवलं, महिन्याची ठरलेली रक्कम एक तारखेला तिच्या खात्यावर जाईल, हिशेब न विचारता.

एक मात्र सांभाळ. कोण उभा आणि कोण बसलेला, हे पत्ता स्वतःहून सांगत नाही. आजारपणात किंवा नोकरी गेल्यावर एकजण काही दिवस घेणाराच असतो, त्याला असमतोल म्हणू नये. जागांची अदलाबदल वर्षानुवर्षं होत नसेल, तर मात्र म्हणावं.

तेव्हा आता नवे पत्ते काढू नकोस. वहिनींना हे कार्ड दाखव आणि ‘यात तू कुठं आहेस?’ एवढंच विचार. तू आधी काही बोलू नकोस. त्या कुठं बोट ठेवतात ते मला कळव, मग आजूबाजूचे पत्ते मिळून वाचू.

तुझा,
बाळ्या