सवलत नेमकी कशावर?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

आत्ताची गाडी सवलतीत घ्यावी की नव्या चेहऱ्याची, म्हणजे फेसलिफ्ट, येईपर्यंत थांबावं, असं तू विचारलंस. तू पाठवलेलं गाडीचं कोटेशन चष्मा लावून दोनदा वाचलं. वर ‘८०,००० ची सवलत’ असं ठळक छापलंय. खाली बारीक अक्षरात तिची फोड आहे: रोख ३५, एक्स्चेंज बोनस २५, कॉर्पोरेट २०. तुझ्याकडे मोडीत द्यायला जुनी गाडी नाही आणि तुझी कंपनी त्यांच्या यादीत नाही, हे तूच सांगितलंस. म्हणजे तुझ्या हाती पडणार ३५. ‘अ‍ॅक्सेसरीज फ्री’ म्हणतात ते यात धरू नकोस, मॅट नि सीट कव्हर बाहेर निम्म्यात मिळतात.

फेसलिफ्टमध्ये बहुतेक बंपर, दिवे, जाळी आणि आतला स्क्रीन बदलतो, इंजिन तेच राहतं. एवढंच असेल तर थांबायला मी सांगणार नाही. पण नव्यात सहा एअरबॅग सगळ्या व्हेरियंटला येणार असतील आणि तुझ्या व्हेरियंटला आत्ता दोनच असतील, तर विषय संपला, थांब.

खरी गोम उत्पादनाच्या तारखेत असते. माझी मागची गाडी मी जानेवारी २०१७ मध्ये घेतली, हौसेने ‘सतराची’ म्हणून. २०२१ मध्ये विकायला काढली तेव्हा मुलुंडच्या गिऱ्हाइकाने आरसी उलटून पाहिली नि म्हणाला, “काका, ही तर सोळाची.” एप्रिल २०१६ ची निघाली, नऊ महिने यार्डात उभी होती. शोरूमवाल्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, मीही विचारलं नव्हतं. चाळीस हजार तिथेच गेले.

म्हणून बुकिंगच्या आधी त्या नेमक्या गाडीचा चॅसिस नंबर माग आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लेखी घे. मग यार्डात जाऊन टायर बघ. बाजूवर चार आकडे असतात. १४२५ असेल तर तो २०२५ च्या चौदाव्या आठवड्यातला. गाडी पावसाळाभर उघड्यावर उभी असेल तर बॅटरी बसलेली असते. नवीन टाकून मागायची. ब्रेक डिस्कवरचा हलका गंज चालवल्यावर जातो, त्याची चिंता नको.

आता हिशेब. नवी वीस-पंचवीस हजारांनी महाग येईल असं धर, तिच्यावर सुरुवातीला सवलत नसते. तेव्हा आजचा फरक साठ हजारांच्या आत. तू चार वर्षांत मोठी गाडी घेणार म्हणतेस. तेव्हा जुना चेहरा आणि मागचं वर्ष, दोन्ही भावातून कापतील आणि साठातलं फार काही उरणार नाही. आठ-दहा वर्षं वापरणार असतीस तर डोळे मिटून जुनी घे म्हटलं असतं.

तरी एकदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जा. एकतीस तारखेनंतर त्यांचा तो स्टॉक ‘गेल्या वर्षीचा’ होतो, म्हणून त्याआधी त्यांची जीभ सैल होते. एक्स्चेंज-कॉर्पोरेट काही नको, इनव्हॉइसमध्ये रोख ७० कमी करा, एवढंच बोल. देतील तर घे. नाही दिले तर रिक्षा करून घरी ये.

रविवारी येशील तेव्हा चॅसिस नंबरचा फोटो आण.

तुझा,
बाबा