‘स्मॉग’ आणि ‘धुरके’

महोदय,

‘स्मॉग’ हा शब्द १९०५ मध्ये लंडनमध्ये डॉ. हेन्री दे व्हो यांनी प्रचारात आणला. त्यात ‘स्मोक’चा आरंभ आणि ‘फॉग’चा शेवट एकत्र आला असून, दोन्ही मूळ शब्द ऐकणाऱ्याला सहज ओळखू येतात. ‘ब्रंच’ व ‘वेबिनार’ याच रीतीचे आहेत. धूर आणि धुके यांचे आपले ‘धुरके’ मला मात्र अधिक सुबक वाटते, कारण दोन्ही शब्दांचा आरंभ जवळजवळ सारखाच असल्याने त्यातला सांधा दिसतच नाही. असा शब्द प्रमाण झाल्याची खूण म्हणजे कोशातील नोंद नव्हे, कारण ती बहुधा उशिराच येते. अवतरणचिन्हे आणि सोबतचे स्पष्टीकरण गळून पडले आणि त्यापासून ‘स्मॉगी’सारखी विशेषणे होऊ लागली, की तो रुळला असे समजावे.

– एक वाचक