दहा मिनिटांची सवलत आणि दिवसाची कमाल रक्कम

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाजाराजवळचे खासगी पार्किंगवाले पाच मिनिटं जास्त झाली तरी पूर्ण तासाचे पैसे घेतात, अशी तक्रार वाचकांच्या पत्रांत अधूनमधून येते. तक्रार खरी आहे. दादर पश्चिमेला रानडे रोडच्या आसपास माझ्या वडिलांपासूनची छोटी मोकळी जागा आहे. पुढच्या रांगेत 9 आणि मागच्या रांगेत 9 अशा 18 गाड्या तिथे उभ्या राहतात. अनेक वर्षं मीही असेच पैसे घेत होतो. ते का बदललं आणि आता हिशेब कसा करतो, हे सविस्तर सांगतो. माझ्यासारखे छोटे जागामालक आणि गाडी लावणारे, दोघांनाही त्याचा उपयोग व्हावा.

माझा दर तासाला 50 रुपये आहे, अर्ध्या तासाला वेगळा दर नाही. तास सुरू झाला की पूर्ण तास धरायचा, हा जुना नियम. एका संध्याकाळी एक ताई लग्नाच्या साड्या घेऊन परतल्या. पावतीवर आत आल्याची वेळ 5 वाजून 2 मिनिटं होती. गाडी गेटपाशी आली तेव्हा 7 वाजून 6 मिनिटं झाली होती. दोन तास चार मिनिटं, म्हणून गेटवरच्या मामांनी तीन तासांचे 150 रुपये मागितले. त्या म्हणाल्या, "दादा, मी सातच्या आधीच आत आले होते. पुढची गाडी तुमचाच माणूस हलवत होता ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांची गाडी मागच्या रांगेत होती. मामांनी फळीवरची चावी शोधली, पुढची गाडी थोडी बाहेर काढली, मग ताईंची गाडी निघाली आणि पुढची परत जागेवर लावली. या सगळ्यात गेलेला वेळ माझा होता, पैसे मात्र मी त्यांच्याकडे मागत होतो. मी 100 रुपये घेतले. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर घड्याळ लावून बसलो. ग्राहक गेटातून चालत आत आल्यापासून त्याची गाडी गेटपाशी पोचेपर्यंत पुढच्या रांगेतल्या गाडीला साधारण 3 ते 4 मिनिटं लागत होती. मागच्या रांगेतलीला 6 ते 7. संध्याकाळी रस्त्यावर रांग असली की आणखी दोन-तीन मिनिटं. म्हणून मी सवलत 10 मिनिटांची ठेवली. ज्यांच्याकडे एकच रांग आहे आणि चावी गाडीवाल्याकडेच राहते, त्यांना 5 मिनिटंही पुरतील. आकडा कुणाचा बघून घेऊ नये, आपल्या गेटवर मोजून ठरवावा. हा वेळ मी गाडीवाल्याला फुकट देत नाही, माझ्या जागेच्या अडचणीमुळे गेलेला वेळ त्याच्या बिलात घालत नाही, इतकंच.

पण "10 मिनिटांची सवलत" एवढं बोर्डावर लिहून भागत नाही. ती कुठे मोजायची यावर सगळं बिल ठरतं. काही ठिकाणी ती फक्त आत आल्यावर असते: दहा मिनिटांत बाहेर पडलात तर काही नाही, त्यानंतर एक मिनिट जास्त झालं तरी पुढचा तास. त्या ताईंना अशा सवलतीचा काहीच फायदा झाला नसता. माझ्याकडे सवलत प्रत्येक तासाच्या शेवटी आहे. दोन तास दहा मिनिटांपर्यंत दोनच तासांचे पैसे, अकराव्या मिनिटाला तिसरा तास. मात्र सवलत साठत नाही. दोन तास अकरा मिनिटांना तिसरा तास लागला, तर तो मोजायचा दोन तास पूर्ण झाल्यापासून, दोन तास दहा मिनिटांपासून नाही. त्यामुळे पुढची हद्द तीन तास दहा मिनिटांचीच राहते. हे न सांगितल्यामुळे सुरुवातीला एक-दोघांशी वाद झाला. त्यांना वाटत होतं, तिसऱ्या तासाला वीस मिनिटं मिळतील.

आत आल्याआल्या मिळणारी सवलत मी वेगळी ठेवली आहे, फक्त 5 मिनिटांची. जागा बघून गाडी मावत नाही म्हणून परत फिरणाऱ्यासाठी ती आहे. तिथेही दहा मिनिटं दिली होती, पण आमच्याकडे फुलांचा बाजार जवळ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी माणसं गाडी आत घालायची, झेंडूचं पोतं उचलायची आणि नवव्या मिनिटाला बाहेर. तासभर थांबणारे गाडीवाले रस्त्यावर ताटकळत राहिले. एवढ्यासाठी कुणाला दोष देत नाही, नियमच मी चुकीचा केला होता.

आता दिवसाच्या कमाल रकमेकडे वळतो, कारण माझी मोठी चूक तिथे झाली होती. पूर्वी दिवसभराचे 150 रुपये होते. तासाला 50 म्हणजे तीन तासांत कमाल रक्कम गाठली जायची आणि त्यापुढचा सगळा वेळ फुकट. याचा फायदा खरेदीला येणाऱ्यांना क्वचितच व्हायचा, कारण त्यांच्यातले बहुतेक एक ते दोन तासच थांबतात. फायदा व्हायचा दुकानदारांना. सकाळी साडेदहापर्यंत 18 पैकी 11 जागा त्यांच्याच गाड्यांनी भरायच्या आणि रात्री नऊपर्यंत हलायच्या नाहीत. बारा वाजता मुलाबाळांना घेऊन आलेलं कुटुंब "फुल" असा बोर्ड बघून पुढे जायचं आणि कुठेतरी नो पार्किंगमध्ये गाडी लावायचं.

मग मी एका जागेचा हिशेब मांडला. खरेदीवाल्याचं बिल साधारण 100 रुपये होतं. दिवसभरात एका जागेवर अशा चार गाड्या येऊन गेल्या, मधला वेळ जागा रिकामी राहिली तरी, 400 रुपये होतात. दिवसभर एकाच गाडीने जागा अडवली तर तिने निदान तेवढे द्यावेत. म्हणून कमाल रक्कम 400 केली. आता आठ तासांनंतर ती लागू होते. सोमवारी दादरमधली बरीच दुकानं बंद असतात, जागा रिकाम्या राहतात. त्या दिवशी चार गाड्या कुठून येणार? म्हणून सोमवारी कमाल रक्कम 200. बाकी दर तोच.

दुकानदार शेजारी नाराज झाले, आणि त्यांचीही बाजू होती. वर्षानुवर्षांची ओळख, रोज 400 कोण देणार? त्यांच्यासाठी मागच्या रांगेतल्या 5 जागा महिन्याच्या दराने दिल्या. त्यांची गाडी सकाळी सगळ्यांच्या आधी येते आणि रात्री पुढची रांग मोकळी झाल्यावर निघते, त्यामुळे दिवसभर हलवावी लागत नाही. मामांचा निम्मा त्रास वाचला. बाकीच्या सहा जणांना मी जागा देऊ शकलो नाही. त्याचं वाईट वाटतं, पण 18 गाड्यांच्या जागेत सगळ्यांचं समाधान होत नाही.

कमाल रकमेचा "दिवस" कधी सुरू होतो, हेही स्पष्ट हवं. समजा, कुणी शनिवारी रात्री 8 वाजता गाडी लावून रविवारी सकाळी 11 ला नेली. एकूण 15 तास. मध्यरात्री दिवस बदलला असं धरलं, तर शनिवारचे चार तास म्हणजे 200 आणि रविवारचे अकरा तास म्हणजे 550, ते कमाल रकमेमुळे 400. एकूण 600 रुपये. आत आल्यापासून 24 तास म्हणजे एक दिवस धरला, तर त्याच गाडीचे 400 होतात. गाडी तीच आणि जागा तीच, फरक 200 रुपयांचा. मी आत आल्यापासूनचे 24 तास धरतो. त्याहून जास्त थांबली तर पुढचे तास पुन्हा 50 रुपयांनी सुरू होतात. 26 तासांचे 400 अधिक 100, म्हणजे 500.

हाताने पावत्या लिहिणं थांबवून मशीन घेतलं, तेव्हा इथेच गफलत झाली. एक गाडी 24 तास 6 मिनिटं उभी होती. सवलतीनुसार बिल 400 यायला हवं, मशीनने 450 दाखवलं. विकणाऱ्याने "किमान एक तास" हा नियम दर नव्या दिवसाला लावून ठेवला होता, त्यामुळे वरच्या सहा मिनिटांचाही एक तास झाला. किमान एक तास फक्त गाडी पहिल्यांदा आत येते तेव्हाच धरायचा असतो. मशीन घेणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी चार खोट्या पावत्या काढून बघाव्यात: 1 तास 10 मिनिटं, 1 तास 11 मिनिटं, 8 तास 30 मिनिटं आणि 24 तास 6 मिनिटं. माझ्या दराने त्यांची उत्तरं 50, 100, 400 आणि 400 आली पाहिजेत.

बाहेर जाण्याची वेळ कधी धरायची, हाही नियम लिहून ठेवला आहे. गाडीवाला पावती मामांच्या हातात देतो, तीच वेळ. त्यानंतर रस्त्यावर जागा मिळेपर्यंत गाडी गेटात कितीही उभी राहिली तरी ते मिनिट मोजायचे नाहीत.

बाजारालगत ज्यांची अशी छोटी जागा आहे त्यांना माझी विनंती आहे की, दरापुढे निदान तीन गोष्टी ठळक लिहाव्यात: सवलत किती मिनिटांची आणि दर तासाला आहे की फक्त सुरुवातीला, कमाल रक्कम किती, आणि दिवस मध्यरात्रीपासून की आत आल्यापासून. हा बोर्ड गाडी आत वळवण्याआधी दिसेल असा लावावा, पैसे घेण्याच्या टेबलामागे नाही. आणि गाडी लावणाऱ्यांनी पावती हातात आल्याबरोबर तिच्यावरची वेळ आपल्या घड्याळाशी ताडून बघावी. आमच्याकडचं भिंतीवरचं घड्याळ महिनाभर चार मिनिटं पुढे होतं, आणि ते मला एका कॉलेजच्या मुलाने दाखवून दिलं.

आपला नम्र,
एक वाहनतळचालक, दादर (पश्चिम), मुंबई