दंड वाढवण्यापेक्षा दुसरी नोंद महत्त्वाची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बँकांनी खातेदारांच्या व्याजाची माहिती परस्पर करखात्याला कळवणे म्हणजे नागरिकांवर अविश्वास दाखवणे, त्यापेक्षा लोकांनी स्वतः सांगितलेल्या आकड्यावर भरवसा ठेवावा आणि खोटे बोलणाऱ्याला जबर दंड करावा, अशा आशयाचे एक पत्र आपल्या अंकात वाचले. पत्रलेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण त्या जबर दंडाचा हिशेब त्यांनी मांडून पाहिलेला दिसत नाही. मी आयुष्यभर लोकांची विवरणपत्रे भरून दिली आहेत, त्यामुळे तो मांडल्यावाचून राहवत नाही.

चलन कोणतेही धरा. एका माणसाची दहा लाखांची मुदत ठेव आहे आणि तिच्यावर वर्षाला ८ टक्के दराने ८०,००० व्याज मिळते. कराचा दर ३० टक्के, म्हणजे कर झाला २४,०००. बँक काहीच कळवत नाही. व्याज विवरणपत्रात दाखवायचे की नाही, हे त्याच्यावर सोपवलेले आहे. शंभरातल्या एकाच विवरणपत्राची कसून तपासणी होते आणि पकडले गेल्यास कर अधिक तेवढाच दंड, असे एकूण ४८,००० भरावे लागतात. शंभरात एक शक्यता असल्याने या जोखमीची सरासरी किंमत पडते ४८०. एका बाजूला २४,००० खात्रीने जाणार, दुसऱ्या बाजूला सरासरी ४८०. पैशांचाच विचार करणाऱ्याला फार वेळ विचार करावा लागणार नाही.

आता केवळ दंड वाढवून हे पारडे समतोल करायचे ठरवू. त्यासाठी पकडल्यावरची एकूण वसुली २४ लाख ठेवावी लागेल. त्यातला मूळ कर वजा केला तर दंड उरतो २३ लाख ७६ हजार, म्हणजे ज्या ठेवीवरचे व्याज दडवले त्या ठेवीच्या दुपटीहून जास्त. असा दंड कायद्यात लिहिता येईल, पण तो प्रत्यक्षात लावायला अधिकारी कचरतील आणि न्यायालयात तो टिकणे कठीण. शिवाय विसरभोळा आणि लबाड यांना तो सारखाच बसेल.

उलट बँकेने व्याजाचा आकडा कळवला, तर दंड वाढवण्याऐवजी कमी केला तरी गणित फिरते. दडवलेले व्याज सापडण्याची शक्यता शंभरात ९५ धरा आणि दंड कराच्या पाव पट, फक्त ६,०००. पकडल्यावर ३०,००० जाणार, म्हणजे सरासरी २८,५००. प्रामाणिकपणे भरले तर २४,०००. इतक्या सौम्य दंडातही लबाडी महाग पडते. दंड आणि पकडले जाण्याची शक्यता यांचा हा मेळ अर्थशास्त्रात १९७२ साली आलिंगहॅम आणि सँडमो यांनी मांडला. त्यांच्या मांडणीकडे पाहून पुढे अनेकांना प्रश्न पडला, की तपासणी इतकी विरळ असताना बहुतेक लोक कर भरतातच कसे? उत्तराचा मोठा भाग असा, की पगार आणि व्याज यांच्या बाबतीत तपासणी विरळ नसतेच. ती दरवर्षी प्रत्येकाची होते, फक्त ती करायला अधिकारी लागत नाही.

काम साधे आहे. वर्ष संपले की बँक एक यादी पाठवते: खातेदाराचा करक्रमांक, नाव, वर्षभरात दिलेले व्याज, कापलेला कर असल्यास तो. करखात्याचा संगणक एकाच क्रमांकाखाली आलेले सगळ्या बँकांचे आकडे एकत्र करतो, विवरणपत्रातल्या व्याजाच्या रकान्याशी ताडून पाहतो आणि फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पत्र काढतो. खात्यातला एकेक व्यवहार त्यात जात नाही, वर्षाची बेरीज जाते. खासगीपणाचा मुद्दा मी हलका मानत नाही, पण ‘बँक आपल्या खर्चाची हेरगिरी करते’ हा आरोप या यादीला लागू होत नाही. यात सगळी भिस्त करक्रमांकावर असते. अमेरिकेत १९८७ च्या विवरणपत्रांपासून अवलंबित मुलांचे सामाजिक सुरक्षा क्रमांक लिहिणे सक्तीचे झाले, तेव्हा सुमारे ७० लाख अवलंबित कागदावरून नाहीसे झाले. क्रमांक मागताच एवढा फरक पडला.

हा सगळा तर्क झाला. पुरावा डेन्मार्कमधून मिळतो. तिथल्या करखात्याने अर्थतज्ज्ञांच्या मदतीने ४० हजारांहून अधिक करदाते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. त्यातल्या निम्म्यांच्या २००६ च्या उत्पन्नाची पूर्वसूचना न देता कसून तपासणी केली, उरलेल्या निम्म्यांना हात लावला नाही. पगार, निवृत्तिवेतन, व्याज अशा दुसऱ्या कोणीतरी कळवलेल्या उत्पन्नात चुकवेगिरी निघाली सुमारे ०.३ टक्का. करदात्याने स्वतःच सांगायच्या उत्पन्नात ती निघाली ४० टक्क्यांच्या आसपास. देश एकच, कायदा एकच, आणि डेन्मार्क हा एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या समाजासाठी नावाजलेला देश.

पत्रलेखक म्हणतील की पगारदार माणसे मुळातच सरळ आणि धंदेवाले चलाख. हे मी अनेकांकडून ऐकत आलो आहे. पण त्याच अभ्यासात वय, लिंग, घर, नोकरीचे क्षेत्र असे तपशील धरून पाहिले, तर चुकवेगिरीचा उलगडा करण्यात त्यांचा वाटा किरकोळ निघाला. मोठा फरक पडत होता तो एकाच गोष्टीने: त्या माणसाच्या उत्पन्नातला किती भाग इतर कोणी न कळवता केवळ त्याच्या शब्दावर सोडला आहे. पुढच्या टप्प्यात काहींना ‘तुमची तपासणी होऊ शकते’ अशी पत्रे धाडली. त्यांचा परिणाम स्वतः सांगायच्या उत्पन्नावर दिसला. कळवलेल्या उत्पन्नावर दिसला नाही, कारण तिथे सुधारायला फारसे उरलेच नव्हते. माझा धंद्यातला अनुभवही याच्याशी जुळतो. एरवी कसलीही काटकसर न सोडणारा माणूस मालकाने दिलेला पगाराचा दाखला आणि बँकेचा व्याजाचा दाखला निमूट पुढे करतो. त्याची कल्पनाशक्ती जागी होते ती इतर उत्पन्नाच्या रकान्याशी आल्यावर.

पण बँकच खोटे का बोलत नाही? मला हा या विषयातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो. खातेदाराला दिलेले व्याज हा बँकेचा खर्च असतो. तो कमी दाखवला तर बँकेचा नफा फुगतो आणि कर बँकेला जास्त पडतो. म्हणजे खातेदाराला जो आकडा लहान हवा, तोच बँकेला पूर्ण हवा. शिवाय तो आकडा बँकेच्या खातेवहीत, लेखापरीक्षकाकडे आणि शेकडो कर्मचाऱ्यांच्या नजरेखाली असतो. लाखो खातेदारांशी गुपचूप संगनमत करणारी आणि ते कोणा नाराज कर्मचाऱ्याच्या तोंडून बाहेर न पडू देणारी बँक चालवणे जवळजवळ अशक्य.

याच कसोटीवर ही पद्धत कुठे चालणार नाही, तेही कळते. घराची दुरुस्ती करणारा कारागीर रोख पैसे घेऊन दर थोडा कमी करतो. गिऱ्हाइकाला तो खर्च कुठे वजा करायचा नसतो, त्यामुळे पावती न मागण्यात त्याचाही फायदा. अशा ठिकाणी दुसरा पक्ष नावालाच तिऱ्हाईत असतो. अमेरिकी करखात्याच्या २०१४ ते २०१६ या वर्षांच्या अंदाजात ही उतरंड स्पष्ट दिसते. कर कापून कळवलेल्या पगारात सुमारे १ टक्का रक्कम दडते, व्याजासारख्या नुसत्या कळवलेल्या उत्पन्नात ६ टक्के आणि जिथे जवळजवळ कोणीच काही कळवत नाही तिथे ५५ टक्के.

आणखी एक मर्यादा मला अधिक गंभीर वाटते. कळवलेला आकडा हिशेबाची एकच बाजू बांधून ठेवतो. इक्वेडोरच्या करखात्याने काही कंपन्यांना कळवले, की तुमच्या ग्राहकांकडून आलेल्या माहितीनुसार तुमची विक्री तुम्ही दाखवली त्याहून जास्त आहे. ज्या कंपन्यांनी विवरणपत्र सुधारले त्यांनी विक्री वाढवली खरी, पण वाढलेल्या प्रत्येक डॉलरमागे ९६ सेंटचा खर्चही वाढवला. कर जवळजवळ होता तिथेच राहिला. व्याजाच्या बाबतीत ही पळवाट अरुंद असते, कारण ठेवीदाराला व्याजासमोर दाखवण्याजोगा खर्च सहसा नसतो. म्हणून बँकांच्या यशावरून व्यापाऱ्यांच्या उलाढालीची माहिती गोळा करणारी योजनाही तशीच फळेल, असा हिशेब कोणी करू नये.

मूळ पत्रातली एक तक्रार मात्र रास्त आहे. चुकीची माहिती गेली तर भोगतो करदाता. संयुक्त खात्याचे सगळे व्याज पहिल्या नावावर कळवले जाते आणि प्रत्यक्षात दोघांनी ते वाटून दाखवलेले असते. बँक वर्षाअखेरचे जमा झालेले पण हाती न आलेले व्याज धरते, करदाता हाती आल्यावर धरतो. क्रमांकातला एक आकडा चुकला तर कोणा अनोळखी माणसाचे व्याज आपल्या माथी येते. फरक कशाचा आहे हे ओळखणे बहुधा सोपे असते: तो नेमका अर्धा असेल तर संयुक्त खाते, पुढच्या वर्षी तेवढाच उलट दिशेने आला तर वर्षाचा घोळ, आणि आपले खातेच नसलेल्या बँकेचे नाव दिसले तर क्रमांक. पण संगणकाने काढलेल्या पत्रात हे लिहिलेले नसते. त्यात फक्त मागणी असते.

पत्रलेखकांनी आपला रोख इकडे वळवावा, असे मला वाटते. बँकेने पाठवलेली यादी विवरणपत्र भरण्याआधी करदात्याला दिसली पाहिजे. डेन्मार्कमध्ये कळवलेले आकडे आधीच भरलेले विवरणपत्र करदात्याला मिळते आणि त्यात दुरुस्ती करण्यासाठी मुदत असते. करदात्याने एखादी नोंद अमान्य केली, तर ती सिद्ध करण्याची किंवा दुरुस्त करण्याची जबाबदारी ठरावीक मुदतीत बँकेवर पडावी आणि तोवर मागणी थांबावी. यादी पाठवणाऱ्याला चुकीची काहीच झळ लागत नसेल, तर यादी काळजीपूर्वक तयार करण्याचे त्याला कारण नाही. हेही शेवटी बँकेच्या स्वार्थाचेच गणित आहे, आणि व्याज कळवण्याच्या सक्तीबरोबर ते कायद्यात आलेले मला पाहायचे आहे.

आपला,
एक निवृत्त कर सल्लागार