मामाच्या ठिबकचा हिशेब

हडपसर, पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. मोसंबीला ठिबक करू का, असं विचारलंस. माझं मत सांगण्यापेक्षा दौंडकडच्या मामाने उसासाठी काय केलं ते ऐक.

एकरी ७० हजारांचं कोटेशन घेऊन तो माझ्याकडे आला. मजुरी वाचणार, खत कमी लागणार, दोन-चार टन ऊस वाढणार. फिल्टर, अ‍ॅसिड आणि दुरुस्तीचा खर्च वजा करून त्याने वर्षाला १४ हजार धरले. मोटरला वीज फुकट, म्हणून तिची बचत शून्य मांडली. हे मला फार आवडलं. विक्रेता ती हमखास मोजतो. “सात वर्षांत ९८ हजार, म्हणजे २८ हजार फायदा,” मामा म्हणाला.

मी म्हटलं, “मामा, बँक तुमच्याकडून १२ टक्के घेते ना? मग वर्षाने येणाऱ्या शंभराचे आज ८९च धरा. सातव्या वर्षीच्या शंभराचे तर जेमतेम ४५.” दरवर्षीचे १४ हजार असे आजच्या किमतीत आणून बेरीज केली, तर ती ६३,९०० भरली. फायदा गेलाच, वर सहा हजारांचा खड्डा.

मामा हसून म्हणाला, “आणि अनुदान?” ते ३० हजार धरलं, पण आधी पदरचे घालायचे आणि पैसे मागाहून खात्यात. मी दोन वर्षं उशीर धरला, तेव्हा त्याचे आज २३,९०० झाले. आता जवळपास १८ हजार शिल्लक दिसली.

खरी गंमत पुढे आहे. मामा म्हणाला, “नळ्या सात वर्षं टिकतील कशावरून? शेजारच्याच्या उंदरांनी कुरतडल्या.” मग पाच वर्षं धरून पाहिलं, तर शिल्लक चार हजारांवर आली. चार वर्षांत उलट साडेतीन हजारांचा तोटा. म्हणजे अनुदान मिळूनही नळ्या पाच वर्षं टिकल्याच पाहिजेत. टनेजच्या आकड्यावर वाद घालण्यात आम्ही उगाच एक दुपार घालवली होती!

मामाने मग पातळ नळीऐवजी जाड नळीचा भाव मागवला आणि विहिरीचं पाणी तपासायला दिलं. क्षार जास्त निघाले, म्हणजे ड्रीपर बुजणार. ते ओळखायची त्याची रीत साधी: लॅटरलच्या पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली एकेक वाटी तेवढाच वेळ ठेवायची. शेवटची बरीच कमी भरली की टोकाची टोपी काढून नळी धुवायची, त्यानेही भागलं नाही तर अ‍ॅसिड सोडायचं. त्याचा खर्च १४ हजारांत आधीच वजा होता, म्हणून त्याने शेवटी ठिबक घेतलं.

तुझी झाडं मात्र वर्षानुवर्षं उभी राहणार, नळ्या उसासारख्या दर लागणीला गुंडाळाव्या लागणार नाहीत. म्हणून मामाचे आकडे जसेच्या तसे उचलू नकोस. कोटेशन, कर्जाचा दर आणि पाण्याचा रिपोर्ट पाठव, मी मांडून देतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
नंदू