फोनवरची ड्युटी 15 टक्के फक्त भाषणातच का? अर्थमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय अर्थमंत्री मॅडम,

सप्रेम नमस्कार. 23 जुलै 2024 चं तुमचं बजेटचं भाषण मी टीव्हीसमोर बसून ऐकलं होतं. मोबाईल फोनवरची कस्टम ड्युटी 20 वरून 15 टक्के केल्याचं तुम्ही सांगितलंत आणि मी सरळमार्गी माणूस असल्यामुळे ते खरं धरून चाललो. दुबईहून येताना मुलीसाठी फोन आणला, साधारण 1 लाख 20 हजारांचा, बिल खिशात, आणि विमानतळावर स्वतःहून रेड चॅनलला, म्हणजे ड्युटी लागणारा माल जाहीर करायच्या रांगेत गेलो. कस्टम्सच्या साहेबांनी बिल उलटंपालटं करून पाहिलं, मग स्वतःच्या मोबाईलवर तोच फोन सर्च करून किंमत ताडून पाहिली, आणि म्हणाले 26,950 भरा.

मी म्हटलं साहेब, 15 टक्के ना? ते हसले. मग समजलं की तुमचे ते 15 टक्के धंद्यासाठी माल मागवणाऱ्यांसाठी आहेत, प्रवाशाच्या बॅगेतल्या सामानाला वेगळा दर, 35 टक्के मूळ ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे एकूण 38.5. पहिले 50 हजार माफ, उरलेल्या 70 हजारांवर हा दर, बसा हिशोब करत. तुमचे लोक सांगतील की आयातदाराला वर 18 टक्के जीएसटीही भरावा लागतो, बॅगेजला तो नाही, म्हणजे शेवटी सारखंच. पण आयातदार तो जीएसटी पुढे वळता करून घेतो हो, मी कुणाकडून वळता करू, मुलीकडून?

बायको सोबत होती. दोघांचे मिळून 1 लाख धरा म्हटलं तर नियम म्हणे एका वस्तूसाठी दोघांची सूट जोडता येत नाही. आणि गंमत ऐका, 18 वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय आणता येतो, कितीचाही असो. फोन मात्र नाही, का तर तो खिशात मावतो म्हणून? बँक, आधारचा ओटीपी, रेल्वेचं तिकीट, सगळं त्याच फोनवर आणायला लावलंत ते तुमच्याच सरकारने ना?

आता 2 फेब्रुवारी 2026 पासून सूट 75 हजार केलीत. अभिनंदन. मी जानेवारीत आलो. त्याच दराने 9,625 रुपये वाचले असते, पण आमचं टायमिंग नेहमी असंच.

खरी चीड पुढे आहे. घरी येऊन पावती पाहिली तर त्यावर फक्त "मोबाईल फोन 1 नग". आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असणारा पंधरा आकडी ओळख नंबरच नाही! *#06# दाबलं की दोन सिमचे दोन नंबर समोर येतात, ते लिहायला किती वेळ लागतो? उद्या मी हाच फोन घेऊन परत बाहेर गेलो आणि येताना कुणी विचारलं की हा नवीन घेतलाय का, तर या पावतीने काय सिद्ध करू? जाताना कस्टम्सच्या काउंटरवर निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायचं असतं म्हणे, पण हे सांगतं कोण, फ्लाइट सुटायच्या आधी तो काउंटर शोधायचा कुणी?

वर व्हॉट्सअॅपवर अफवा, परदेशी फोन रजिस्टर न केल्यास बंद होतो. तुर्कस्तानात होतो, परदेशी फोन 120 दिवस चालतो, नंतर नोंदणी आणि जबर फी. आपल्याकडे तसं नाही. 1 जानेवारी 2023 पासून विक्रीसाठी माल आणणाऱ्याला आयएमईआय नोंदवावा लागतो, स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्याला ती भानगड नाही. सीईआयआर ही आयएमईआयची सरकारी नोंदवही फक्त चोरीचे नाहीतर बनावट नंबरवाले फोन ब्लॉक करते. माझ्या मेव्हण्याने तिकडून सेकंडहँड फोन आणला, KYM लिहून, स्पेस देऊन, त्याचा आयएमईआय 14422 ला मेसेज केला तर उत्तर आलं की नंबर आधीच वापरात आहे, घेऊ नका. घेऊन झाला होता. म्हणून सांगतो, जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी तो मेसेज करा.

पण यातून निष्कर्ष काय निघतो बघा. ड्युटी भरली की नाही हे सीईआयआर बघतच नाही. दहा फोन कपड्यांत गुंडाळून ग्रीन चॅनलमधून सटकणाऱ्याचा फोन आणि माझा 26,950 भरलेला फोन, नंबर अस्सल असला की दोन्हींवर सारखीच रेंज. मग मी भरलेला पैसा नेमका कशाचा, रेड चॅनलला गेल्याचा दंड? कस्टम्स तुमच्याकडे, सीईआयआर दूरसंचार खात्याकडे, दोघांच्या कॉम्प्युटरची ओळखच नाही. पण फोनमध्ये संचार साथी अॅप आधीच भरून द्या असा आदेश मात्र त्याच दूरसंचार खात्याने नोव्हेंबर 2025 मध्ये काढला होता, लोक ओरडले तेव्हा आठवड्याभरात मागे घेतला. लोकांच्या फोनमध्ये शिरायला उत्साह आहे, पावतीवर पंधरा आकडे लिहायला नाही.

तर प्रवाशालाही 15 टक्केच लावा, लॅपटॉपसारखा एक फोन माफ करा, पावतीवर आयएमईआय छापा. तिन्ही जमत नसेल तर निदान शेवटचं करा, त्याला बजेट लागत नाही.

आपला,
रेड चॅनलवाला, ठाणे